जोडीदाराने लिहिलेला निरोप : एक प्रस्तावना

खेळाडू निवृत्त झाला की त्याला निरोप द्यायला सगळेच सरसावतात. मंडळ पत्रक काढतं, वर्तमानपत्रं पुरवण्या काढतात, समालोचक आठवणी सांगतात. 2020 साली धोनी आणि रैना निवृत्त झाले तेव्हा पंतप्रधानांनीही दोघांना पत्रं लिहिली. या सगळ्यांनी त्या माणसाला खेळताना पाहिलेलं असतं. संघातल्या सोबत्याने मात्र त्याला खेळत नसतानाही पाहिलेलं असतं. शून्यावर बाद होऊन आल्यावर पॅड न सोडता तासभर बसून राहिलेला, पावसाने खेळ थांबल्यावर पत्ते पिसणारा, बसमध्ये ठरलेल्याच खिडकीशी बसणारा माणूस त्याला माहीत असतो. म्हणून त्याच्या चार ओळींकडून आपली अपेक्षा वेगळी असते, आणि म्हणूनच त्या चार ओळी पोकळ निघाल्या की जास्त खटकतं.

या संग्रहात अशा सोबत्यांनी लिहिलेले निरोप एकत्र केले आहेत. बहुतेक क्रिकेटमधले आहेत आणि बहुतेक गेल्या दहा-पंधरा वर्षांतले. त्याला कारण आहे. पूर्वी सहकाऱ्याला लिहायची वेळ यायची ती बेनिफिट सामन्याच्या स्मरणिकेसाठी. तो लेख दोन-तीन पानांचा असायचा, तो लिहायला महिनाभर मिळायचा, आणि समोरच्या पानावर बँकेची किंवा कापडगिरणीची जाहिरात असायची. आता खेळाडू दुपारी इन्स्टाग्रामवर निवृत्ती जाहीर करतो आणि संध्याकाळपर्यंत ज्याने काही लिहिलं नाही त्याच्याबद्दलच लोक कुजबुजू लागतात. हातात मोजके तास, जागा दीडशे शब्दांची, आणि वाचणारे कोट्यवधी. पत्र एकाला उद्देशून असतं, पण ते चावडीवर उभं राहून वाचायचं असतं. या प्रकारातल्या बऱ्यावाईट गोष्टी बहुतांशी इथूनच निघतात.

वाईट आधी सांगून टाकतो, कारण त्यात फार वेळ घालवण्यासारखं नाही. सरकारी कचेरीतला सेवानिवृत्तीचा समारंभ ज्याने पाहिला आहे त्याला तो नमुना तोंडपाठ असतो: हसतमुख, मनमिळाऊ, कामात चोख, पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा, शाल, श्रीफळ. क्रिकेटमध्ये त्याची जागा ‘लेजंड’, ‘वारसा’ आणि ‘दुसरी इनिंग’ यांनी घेतली आहे. ओळखायची खूण सोपी आहे. संदेशातलं नाव झाका आणि त्या जागी त्याच संघातल्या दुसऱ्या कुणाचंही नाव घाला. मजकूर तसाच चालत असेल, तर तो सोबत्याने लिहिलेला नाही. निदान सोबती म्हणून लिहिलेला नाही. दुसरी खूण आकड्यांची. धावा, बळी आणि शतकं विश्वकोशातही मिळतात. ज्याच्याकडे सांगण्यासारखं दुसरं काही नसतं त्याला आकडे लागतात.

चांगला निरोप कसा असतो हे एकाच उदाहरणावरून पाहू, आणि ते जरा निवांत पाहू.

12 मे 2025 रोजी विराट कोहलीने कसोटी क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली. 123 कसोटी, 30 शतकं, 9230 धावा. आपल्या घोषणेच्या शेवटी त्याने कसोटी टोपीवरचा 269 हा क्रमांक लिहिला होता. पाचच दिवस आधी रोहित शर्माने कसोटी सोडली होती आणि महिनाभराने इंग्लंडचा दौरा सुरू होणार होता, त्यामुळे त्या दिवशी संदेशांचा पूर आला. त्यात सचिन तेंडुलकरचा एक संदेश होता. तो इंग्रजीत होता, छोटा होता, आणि त्याची सुरुवात कोहलीच्या एकाही खेळीने होत नव्हती. सुरुवात होती एका दोऱ्याने.

तेंडुलकरने लिहिलं त्याचा आशय असा: बारा वर्षांपूर्वी माझ्या शेवटच्या कसोटीच्या वेळी तू मला तुझ्या दिवंगत वडिलांचा एक दोरा देऊ केला होतास. तो मी स्वीकारावा इतकी ती वस्तू परकी नव्हती, फारच तुझी स्वतःची होती. पण तुझं ते करणं मनाला भिडलं आणि तेव्हापासून मनात राहिलं आहे. बदल्यात द्यायला माझ्याकडे दोरा नाही, पण माझं मनापासूनचं कौतुक आणि शुभेच्छा तुझ्याबरोबर आहेत.

या मजकुरामागचा प्रसंग वाचकाला ठाऊक असला तर त्याचं वजन कळतं. 16 नोव्हेंबर 2013, वानखेडे. वेस्ट इंडिजविरुद्धची कसोटी तिसऱ्याच दिवशी संपली होती. तेंडुलकरची ती दोनशेवी आणि शेवटची. त्याने 74 धावा केल्या होत्या आणि तो बाद झाल्यावर मैदानात उतरला होता तो कोहलीच. सामना संपल्यावर तेंडुलकरने हातात यादी घेऊन लांबलचक भाषण केलं, सगळ्यांचे आभार मानले, मग खेळपट्टीपर्यंत जाऊन तिला नमस्कार केला. कॅमेऱ्यांनी हे सगळं टिपलं. त्यानंतरचं ड्रेसिंग रूममधलं मात्र टिपलं गेलं नाही. तो कोपऱ्यात डोक्यावर टॉवेल घेऊन बसला होता आणि डोळे पुसत होता, असं त्याने स्वतःच पुढे एका मुलाखतीत सांगितलं. तिथे कोहली आला आणि त्याने तो दोरा पुढे केला.

कोहलीचे वडील डिसेंबर 2006 मध्ये गेले. तेव्हा तो 18 वर्षांचा होता आणि कोटलावर दिल्लीकडून कर्नाटकविरुद्ध रणजी सामना खेळत होता. आदल्या संध्याकाळी तो नाबाद होता, रात्री वडील गेले, आणि सकाळी तो मैदानावर येऊन उरलेली खेळी खेळला. 90 धावा करून, दिल्लीची पडझड थोपवून, मग तो अंत्यविधीला गेला. ही गोष्ट भारतात क्रिकेट बघणाऱ्या जवळपास प्रत्येकाला माहीत आहे. त्या वडिलांनी दिलेला मनगटावरचा दोरा कोहली बरोबर बाळगत असे, आणि माझ्याकडे असलेली सर्वांत मोलाची वस्तू म्हणून तो मी द्यायला गेलो, असं त्यानेही सांगितलं आहे.

आता तेंडुलकरने संदेशात काय केलं आहे ते बघा. वडिलांच्या जाण्याबद्दल त्याने एक अक्षर लिहिलेलं नाही. ‘दिवंगत’ एवढाच शब्द आहे, बाकी वाचक स्वतः भरून घेतो. स्वतःच्या रडण्याचा उल्लेख नाही, टॉवेल नाही, कोपरा नाही. खरं तर मुलाखतीत त्याने सांगितलं होतं की तो दोरा थोडा वेळ आपल्याकडे ठेवला आणि मग परत केला, ही तुझी ठेव आहे, ती तुझ्याकडेच राहिली पाहिजे, असं म्हणून. संदेशात हा घेण्या-देण्याचा तपशील गाळून ‘देऊ केलास, पण मी स्वीकारू शकलो नाही’ एवढंच उरलं आहे. (आणि नोव्हेंबर 2013 ते मे 2025 ही बारा नव्हे, साडेअकरा वर्षं होतात. पण ढोबळमानाने बारा म्हणणं कुणाच्याही तोंडी येतं, तेव्हा यावर कुणी हरकत घेऊ नये.) प्रसंग गाळून गाळून इतका लहान केला आहे की त्यात दोनच माणसं आणि एक वस्तू राहते.

इथे एक बारीक गोष्ट आहे. ड्रेसिंग रूममधलं बाहेर सांगायचं नाही, हा नियम कुठल्याही संघात पहिल्या दिवशी कळतो. निरोपाचा संदेश लिहिणाऱ्याची अडचण हीच असते. त्याच्याजवळ जे खास असतं ते सांगायची सोय नसते आणि जे सांगायची सोय असते ते खास नसतं. तेंडुलकरने यातून वाट काढली, कारण ही गोष्ट दोघांनीही आपापल्या मुलाखतींत आधीच उघड केली होती. त्याने गुपित फोडलं नाही. जे सर्वांना माहीत होतं पण कुणाला त्या दिवशी आठवलं नव्हतं, ते योग्य दिवशी बाहेर काढलं. शिवाय तो मोठा आणि कोहली लहान. मोठ्याने लहानाला निरोप देताना आशीर्वादाचा हात डोक्यावर ठेवण्याचा मोह असतोच. इथे उलट झालं आहे. मोठा म्हणतो, त्या दिवशी देणारा तू होतास, आणि तुझ्याइतकं द्यायला माझ्याकडे आजही नाही. 2011 चा विश्वचषक जिंकल्यावर याच वानखेडेवर तेंडुलकरला खांद्यावर घेतल्यानंतर कोहलीने म्हटलं होतं की एकवीस वर्षं यांनी देशाचा भार वाहिला, आता आम्ही त्यांना उचललं. तेव्हा तो 22 वर्षांचा होता. त्या वाक्याला 14 वर्षांनी मिळालेलं उत्तर म्हणूनही हा संदेश वाचता येतो, जरी लिहिणाऱ्याच्या मनात ते असेलच असं नाही.

संदेशाचा उत्तरार्ध मला तितका आवडत नाही. दोऱ्यानंतर तो वारशाकडे वळतो: तुझ्यामुळे असंख्य मुलांनी बॅट हातात घेतली, तू क्रिकेटला धावांपेक्षा जास्त दिलंस, नवे चाहते आणि नवे खेळाडू दिलेस. हे खोटं नाही. पण हे वाक्य नाव झाकून दुसऱ्या पाच जणांना देता येईल, आणि त्यांतला एक जण तर खुद्द लिहिणाराच आहे. तेंडुलकर जे सांगू शकत होता आणि दुसरं कुणीच सांगू शकत नव्हतं ते वेगळं होतं. त्याने सोडलेला चौथा क्रमांक कोहलीने घेतला. महिन्याभरानेच जोहान्सबर्गला पहिल्या कसोटीत त्या जागेवर कोहलीने 119 आणि 96 धावा केल्या. दोन दशकं एका माणसाने सांभाळलेली जागा दुसरा पहिल्याच फटक्यात भरून काढतो, हे बघताना पहिल्याला काय वाटलं असेल? ते तेंडुलकरने लिहिलं असतं तर उत्तरार्धही पूर्वार्धाच्या तोडीचा झाला असता.

आणि एका गोष्टीबद्दल संदेश पूर्ण गप्प आहे. कोहली का थांबला? 2024-25 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पर्थच्या नाबाद शतकानंतर तो ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूवर पुन्हा पुन्हा बाद झाला. पाच कसोटींत आठ वेळा बाद, आणि आठही झेल यष्टिरक्षकाने किंवा स्लिपमध्ये घेतलेले. एकूण धावा 190. दौऱ्यानंतर लोक हेच बोलत होते. सोबत्याने निरोपात हे लिहावं असं मी म्हणणार नाही. निरोप म्हणजे पंचनामा नव्हे. पण या संग्रहातले संदेश एकामागून एक वाचताना वाचकाने हे ध्यानात ठेवावं की कारणांबाबत ते सगळेच मुके आहेत. कुणी गुडघ्याने थांबला, कुणी निवड समितीने, कुणी रोज सकाळी सहाला उठण्याचा कंटाळा आला म्हणून. सोबत्याला ते बहुधा नेमकं ठाऊक असतं. ज्याला सर्वांत जास्त माहीत असतं त्याच्याचकडून ते कळायची आशा नसते, ही या लेखनाची मर्यादा आहे.

वेळ कमी असण्याचा नेहमी तोटाच होतो असं नाही. 18 डिसेंबर 2024 रोजी ब्रिस्बेनची कसोटी पावसात अनिर्णित राहिली आणि रविचंद्रन अश्विनने मालिकेतल्या दोन कसोटी बाकी असताना, 106 कसोटी आणि 537 बळींवर, निवृत्ती जाहीर केली. घोषणेच्या आधीच ड्रेसिंग रूममध्ये कोहलीने त्याला मिठी मारताना दूरदर्शनच्या कॅमेऱ्याने पकडलं होतं, आणि पाहणाऱ्यांना काहीतरी घडतंय याचा वास आला. त्याच दिवशी कोहलीने लिहिलं की चौदा वर्षं बरोबर खेळलो आणि आज तू सांगितलंस तेव्हा गलबलून आलं, सगळी वर्षं डोळ्यांपुढून गेली. यात एकही प्रसंग नाही. लिहायला सवड मिळाली असती तर त्याने एखादा शोधला असता. पण ‘आज तू सांगितलंस’ हा एक तपशील बाहेरच्या कुणाला लिहिता आला नसता. बातमी त्याला बातमीसारखी कळली नाही, समोर बसलेल्या माणसाकडून कळली. तेवढ्यावर तो संदेश तरला आहे.

संग्रहात एक परकं पान आहे, आणि संपादकांनी ते ठेवलं याचा मला आनंद आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये राफाएल नदालच्या शेवटच्या स्पर्धेच्या तोंडावर रॉजर फेडररने लिहिलेलं पत्र. हे दोघे संघसोबती म्हणावेत का? लेव्हर कपमध्ये युरोपच्या संघातून ते दुहेरी खेळले, आणि 2022 साली लंडनला फेडररचा अखेरचा सामनाही नदालच्या साथीनेच झाला. पण एरवी पंधरा वर्षं ते जाळीच्या दोन बाजूंना होते, आणि पत्राला रंग चढला आहे तो त्या बाजूमुळे. नदाल पाण्याच्या बाटल्या सैनिकांच्या पलटणीसारख्या ओळीत लावायचा, केस ठीक करायचा, कपडे सारखे करायचा. फेडरर हे सगळं थट्टेने लिहितो आणि वर सांगतो की आपल्याला ते मनातून आवडायचं. पुढे तो कबूल करतो की नदालपायी त्याला आपला खेळ नव्याने बांधावा लागला, रॅकेटच्या डोक्याचा आकारसुद्धा बदलावा लागला. जो सात चौरस इंच जास्तीची रॅकेट घ्यायलाही वर्षानुवर्षं तयार नव्हता त्याने हे लिहावं, यात नदालचं जे माप येतं ते चौदा फ्रेंच किताबांतही येत नाही. सोबत्याला अशी थट्टा जाहीरपणे करता येत नाही. प्रतिस्पर्ध्याला येते, कारण हिशेब उघड्यावरच झालेला असतो. सोबत्यांच्या संदेशांत विनोद इतका कमी का, याचं उत्तर मला या पानापाशी मिळालं.

शेवटी एका संदेशाविषयी, जो या संग्रहात सर्वांत छोट्यांपैकी आहे. 15 ऑगस्ट 2020 च्या संध्याकाळी महेंद्रसिंह धोनीने इन्स्टाग्रामवर जुन्या छायाचित्रांची चित्रफीत टाकली आणि खाली लिहिलं की 19 वाजून 29 मिनिटांपासून मला निवृत्त समजा. काही मिनिटांतच सुरेश रैनाने एक छायाचित्र टाकलं. त्याने लिहिलं की माही, तुझ्याबरोबर खेळणं छानच होतं, आणि अभिमानाने भरल्या मनाने या प्रवासात तुझ्याबरोबर यायचं मी ठरवलं आहे. म्हणजे रैनाही निवृत्त. तो तेव्हा 33 वर्षांचा होता. धोनीपेक्षा पाच वर्षांनी लहान. भारतीय संघात त्याला दोन वर्षं जागा मिळाली नव्हती हे खरं, पण परत यायचं वय अजून उलटलेलं नव्हतं. आपली स्वतःची निवृत्तीच दुसऱ्याला निरोप म्हणून देणं, असा दुसरा दाखला या पुस्तकात नाही. काहींना तो भाबडेपणा वाटला, काहींना निष्ठेची कमाल. मला त्यात चेन्नईचा शेजार दिसतो: दोघेही त्या दिवशी चेन्नईतच होते, चेन्नई सुपर किंग्सच्या सराव शिबिरात, संयुक्त अरब अमिरातीला निघायच्या तयारीत. राष्ट्रीय संघाचा निरोप फ्रँचायझीच्या छत्राखाली दिला गेला.

त्यामुळेच तो वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. हा निरोप अर्धाच होता. दोघेही आयपीएलमध्ये एकाच पिवळ्या कपड्यांत राहणार होते. प्रत्यक्षात रैना त्या मोसमात अमिरातीतून न खेळताच परतला, 2021 मध्ये पुन्हा खेळला, आणि फेब्रुवारी 2022 च्या लिलावात चेन्नईने त्याच्यावर बोली लावली नाही. दुसऱ्याही कुणी लावली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याने सगळंच क्रिकेट सोडलं. धोनी मात्र त्यानंतरही खेळत राहिला, 2023 मध्ये त्याने चेन्नईला पाचवा किताब जिंकून दिला. रैनाच्या त्या ओळी संग्रहात तारखेनिशी छापल्या आहेत. ती तारीख लिलावाच्या दीड वर्ष आधीची आहे.